पुढच्या बाकावरून ‘सहा’, मागच्या बाकावरून ‘दीड’

*मॅडम, मी नागपुरात मानेवाडा भागातल्या एका शाळेत सहावीला गणित शिकवते. नोकरीला सहा वर्षं झाली. मागच्या आठवड्यात मोबाइलवर माझा एक पूर्ण तास रेकॉर्ड केला. रात्री बघायला बसले तर स्वतःचा आवाज ऐकवेना, आणि सारखा पदर नि हातवारेच दिसत राहिले. दहा मिनिटांत बंद केला. बी.एड.चा पाठ निरीक्षणाचा तक्ता शोधून काढला, पण त्यात ‘चांगले’ की ‘बरे’ एवढंच लिहिता येतं. आवाज, वर्गातला वावर आणि शिकवण्याची गती, या तिन्हींसाठी नेमकं काय तपासायचं याची यादी द्याल का?*
*— एक शिक्षिका*

ताई, तो व्हिडिओ डिलीट करू नका. पहिल्या खेपेला पदर आणि हातवारेच दिसतात, हे मी शिक्षकांसोबत असे व्हिडिओ बघताना दरवेळी पाहिलं आहे. आवाजाचं तर साधं कारण आहे. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो: हवेतून कानात, आणि कवटीच्या हाडांतून थेट आतल्या आत. हाडांतून येणारा भाग आवाजाला भारदस्त करतो. रेकॉर्डिंगमध्ये तो नसतो, म्हणून स्वतःचा आवाज बारीक आणि परका वाटतो. तुमच्या मुलांना तो रोज तसाच ऐकू येतो आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. आज रात्री तो व्हिडिओ एकदा सलग बघून घ्या, हातात पेन न घेता. जे खटकायचं ते खटकू द्या. काम उद्यापासून सुरू करायचं.

तक्त्याबद्दल तुम्ही बरोबर बोट ठेवलंत. ‘चांगले’, ‘बरे’ ही मतं झाली, आणि स्वतःच्या तासाबद्दलचं स्वतःचं मत त्या दिवशी आपण किती दमलोय त्यावर ठरतं. म्हणून मी देणार आहे त्या यादीत मत विचारणारी एकही ओळ नाही. फक्त मोजायच्या गोष्टी आहेत. त्या एकाच बैठकीत मोजता येत नाहीत, कारण व्हिडिओ चालू झाला की तुम्ही गणित ऐकू लागता, पुढचं उदाहरण बरोबर सुटतंय का तेच बघता. म्हणून तोच व्हिडिओ तीन वेळा घ्यायचा: एकदा नुसता ऐकायचा, एकदा नुसता बघायचा, आणि एकदा फक्त प्रश्नांपाशी थांबायचं.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका सहकारी शिक्षिकेसोबत मी हे केलं, तेच उदाहरण सांगते. तिचाही वर्ग सहावीचा होता, घटक अपूर्णांकांचा भागाकार, ३५ मिनिटांचा तास, वर्गात ५२ मुलं. मोबाइल मागच्या कोपऱ्यात कपाटावर ठेवला होता.

पहिली खेप आवाजाची. मोबाइल टेबलावर पालथा ठेवा आणि ऐका. सगळा तास ऐकायची गरज नाही. तिसऱ्या मिनिटापासून पाच मिनिटं आणि शेवटची पाच मिनिटं, एवढे दोन तुकडे पुरतात. सुरुवातीच्या तुकड्यात तुमचा नेहमीचा आवाज सापडतो. शेवटच्या तुकड्यात दमलेला आवाज सापडतो, आणि घंटा होईल म्हणून केलेली घाईही.

इथे मुख्य कान द्यायचा तो वाक्याच्या शेवटाकडे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि ‘नाही’ तर त्याच्याही नंतर. वाक्य सुरू करताना आपला श्वास भरलेला असतो, शेवटाला तो संपत येतो आणि आवाज खाली बसतो. म्हणजे ज्या शब्दावर सगळा अर्थ अवलंबून, तोच शब्द सगळ्यात हळू जातो. त्या बाईंच्या तासात एक वाक्य होतं: “पहिला अपूर्णांक उलटा करायचा नाही, दुसरा करायचा.” ते म्हणत असताना त्या फळ्याकडे वळल्या. रेकॉर्डिंगमध्ये ‘पहिला अपूर्णांक उलटा’ स्पष्ट आहे, ‘करायचा नाही’ पुटपुटल्यासारखं आहे, आणि ‘दुसरा करायचा’ खडूच्या आवाजात गेलं आहे. नंतर आम्ही वह्या काढल्या. मागच्या दोन रांगांतल्या काही मुलांनी दोन्ही अपूर्णांक उलटे केले होते, काहींनी फक्त पहिला. बाईंना वाटत होतं की मुलांचं लक्ष नव्हतं. त्या मुलांनी जेवढं ऐकलं तेवढं तंतोतंत केलं होतं.

तेव्हा त्या दहा मिनिटांत असे किती शेवट गिळले गेले, त्याच्या रेघा ओढा. त्यातले किती फळ्याकडे तोंड असताना गेले, ते दुसऱ्या खेपेत कळेल. सोबत एक आवडता शब्दही मोजा. प्रत्येकाचा एक असतो: ‘तर’, ‘म्हणजे’, ‘ओके’, आणि आपल्या नागपूरकडे वाक्यामागे ‘ना’. पाच मिनिटांत पाच-सहा वेळा आला तर सोडून द्या. तीस वेळा आला तर मुलं तुमचं वाक्य सोडून तो शब्द मोजत बसलेली असतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

इथे मोबाइलची एक मर्यादा लक्षात ठेवा. आपला आवाज मोठा होता की लहान, हे रेकॉर्डिंगवरून ठरवू नका. मोबाइल हळू आवाज आपोआप उचलून मोठा करतो आणि मोठा आवाज दाबतो. उलट, वर्गात बसलेलं मूल पंख्याची घरघर कानाआड करू शकतं, मोबाइल ती जशीच्या तशी पकडतो. म्हणून रेकॉर्डिंगमधून शब्द स्पष्ट आहे की नाही एवढंच बघा, आणि आवाज पोचतो का ते शेवटच्या बाकावर एखाद्या मोकळ्या तासाला स्वतः बसून दुसऱ्या शिक्षिकेला बोलायला सांगून तपासा. मार्च-एप्रिलमध्ये कूलर चालू झाला की हे पुन्हा करावं लागतं. पंख्याखाली पुरणारा आवाज कूलरपुढे पुरत नाही, आणि तेव्हा घसा ताणण्यापेक्षा महत्त्वाच्या दोन वाक्यांपुरता कूलर बंद करणं परवडतं.

दुसरी खेप वावराची. आता आवाज पूर्ण बंद करा आणि व्हिडिओ दुप्पट वेगाने लावा, म्हणजे अख्खा तास अठरा मिनिटांत होतो. कागदावर वर्गाचा नकाशा काढा: फळा, टेबल, बाकांच्या रांगा, मधल्या वाटा. व्हिडिओतल्या दर अर्ध्या मिनिटाला तुम्ही जिथे उभ्या असाल तिथे एक टिंब द्या. पस्तीस मिनिटांची सत्तर टिंबं होतात. त्या बाईंच्या नकाशावर ४६ टिंबं टेबल आणि फळ्याची डावी बाजू यांच्यामध्ये होती, १५ फळ्याच्या उजव्या बाजूला, आणि ९ मधल्या वाटेत, तीही तिसऱ्या बाकापर्यंतच. त्यापुढे एकही नाही. त्या म्हणाल्या, “मी तर वर्गभर फिरते.” नकाशा समोर होता.

१९७० च्या सुमारास ॲडम्स आणि बिडल या दोन अभ्यासकांनी वर्गांच्या व्हिडिओ टेप तपासल्या, तेव्हा त्यांना दिसलं की शिक्षकाशी होणारी बहुतेक देवाणघेवाण समोरच्या बाकांवरच्या आणि मधल्या ओळीतल्या मुलांशीच होते. तुमच्या नकाशावर ज्या मुलांनी उत्तरं दिली त्यांच्या जागी फुल्या मारून बघा. टिंबं आणि फुल्या कुठे एकत्र येतात ते लगेच दिसेल.

पण म्हणून उद्यापासून वर्गात येरझारा घालू नका. आपण चालत असताना मुलांचे डोळे आपल्या मागे चालतात, फळ्यावरून उठतात. साधा नेम असा ठेवा: नियम सांगताना, उदाहरण मांडताना एका जागी उभं राहायचं आणि तोंड मुलांकडे ठेवायचं. मुलं लिहीत असतील तेव्हा फिरायचं, आणि शेवटच्या बाकापर्यंत जाऊन यायचं. आणखी एक गोष्ट या खेपेत हमखास सापडते. एखादं मूल उत्तर द्यायला उभं राहिलं की आपण मायेने त्याच्याजवळ जातो. जवळ गेलो की ते हळू बोलू लागतं, आणि मग ते उत्तर फक्त आपल्या दोघांत राहतं. बाकी पन्नास जण त्यातून बाहेर. ते बोलू लागलं की दोन पावलं मागे सरका. तुमच्यापर्यंत पोचवायला ते मोठ्याने बोलेल आणि वर्ग ऐकेल. अगदीच लाजरं मूल असेल तर मात्र जवळ जा, आणि त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत वर्गाला मोठ्याने सांगा.

तिसरी खेप गतीची. तुमच्याकडे एकाच गोष्टीसाठी वेळ असेल तर बाकी दोन सोडा आणि ही करा. तासाच्या मधली दहा मिनिटं निवडा, जिथे नवं काही समजावलं जात आहे. प्रत्येक प्रश्नापाशी व्हिडिओ थांबवा आणि प्रश्न जसाच्या तसा लिहून काढा. पुढे, प्रश्न संपल्यापासून कुणीतरी (तुम्ही धरून) बोलेपर्यंत किती सेकंद गेले ते लिहा. दुसऱ्या मोबाइलवरचं स्टॉपवॉच वापरा, अंदाजाने लिहू नका. अंदाजात आपण नेहमी स्वतःला जास्त सेकंद देतो. या दहा मिनिटांना अर्धा-पाऊण तास लागतो, त्यामुळे ही खेप रविवारी ठेवा.

अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक होत्या. त्यांनी वर्गांची असंख्य ध्वनिमुद्रणं ऐकून हेच सेकंद मोजले आणि १९७० च्या दशकात मांडलं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात. तो वेळ तीन सेकंदांपर्यंत किंवा पुढे नेला की मुलांची उत्तरं लांब होतात, नुसतं गप्प बसणं कमी होतं, आणि आपणहून बोलणारी मुलं वाढतात. त्यांनी थांबण्याच्या दोन जागा सांगितल्या. एक प्रश्नानंतर. दुसरी मुलाच्या उत्तरानंतर, आपण ‘बरोबर’ म्हणण्याआधी. ही दुसरी जागा आपण जवळपास कधीच मोकळी ठेवत नाही.

आता त्या बाईंची दहा मिनिटं. प्रश्न निघाले २४. त्यातले ९ ‘समजलं ना?’ आणि ‘बरोबर ना?’ या प्रकारचे, ज्यांना ‘हो मॅडम’ याखेरीज उत्तर नसतं. उरलेल्या १५ पैकी ११ वेळा एक सेकंदही गेला नव्हता, आणि ६ वेळा उत्तर बाईंनीच दिलं होतं. त्यात हा प्रसंग होता. फळ्यावर ३ ÷ १/२ लिहिलेलं. बाईंनी विचारलं, “किती?” पुढच्या बाकावरून लगेच “सहा!” बाई म्हणाल्या, “शाब्बास, सहा,” आणि पुढचं उदाहरण. वर्गात बसलेल्या कुणालाही हा प्रसंग ठीकच वाटला असता.

पण मोबाइल मागे होता. ‘सहा’च्या मागोमाग, मोबाइलजवळच्या बाकावरून, एक मुलगा म्हणतो, “दीड.” मग थांबून शेजाऱ्याला, “सहा काहून?” शेजारी काहीच बोलत नाही. मुलगा गप्प होतो आणि फळ्यावरचं उतरवून घेतो. तासभर तो पुन्हा बोललेला नाही.

आम्ही तो तुकडा चार-पाच वेळा ऐकला. ‘दीड’ ही निष्काळजी चूक नाही. त्याने ‘अर्ध्याने भाग’ याचा अर्थ ‘अर्धे कर’ असा लावला होता, आणि तीनचे अर्धे दीडच. पुढे ‘उलटा करून गुणा’ हा नियम पाठ करून त्याला परीक्षेत सहा आणता आले असते आणि गैरसमज आत तसाच राहिला असता. त्या ‘सहा’नंतर बाई तीन सेकंद गप्प राहिल्या असत्या, तर ‘दीड’ त्यांनाही ऐकू आलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तास असा सुरू केला: “काल मागून कुणीतरी दीड म्हणालं. दीड कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे?” आणि त्या थांबल्या. तीन पोळ्या फळ्यावर काढल्या. तीन पोळ्यांचे दोघांत सारखे वाटे केले तर प्रत्येकाला दीड. तीन पोळ्यांतून प्रत्येकाला अर्धी-अर्धी दिली तर सहा जणांना पुरते. पहिलं ३ ÷ २, दुसरं ३ ÷ १/२. हे मुलांनीच सांगितलं, बाईंनी फक्त पोळ्या काढल्या.

थांबायचं कसं, हा खरा अडचणीचा भाग आहे. तीन सेकंद वर्गात फार लांब वाटतात आणि जीभ आपोआप वळते. मी अंगठ्याने एका बोटाची तीन पेरं सावकाश मोजते, आपण जपाला मोजतो तशी. हात पदराआड असला तर कुणाला दिसतही नाही. आणि हे प्रत्येक प्रश्नाला करायचं नाही. “सात आठे किती?” ला थांबलात तर तास रेंगाळेल. जिथे मुलाला विचार करूनच उत्तर द्यावं लागतं, अशा प्रश्नांनाच थांबा. तेवढ्यासाठी तास घेण्याआधी टाचणात असे तीन प्रश्न अधोरेखित करून ठेवा.

आता तुम्ही मागितलेली यादी. वहीच्या एका पानावर मावते, तारीख टाकून लिहा.

आवाज (दोन तुकडे, एकूण दहा मिनिटं)
- वाक्याचे किती शेवट ऐकू आले नाहीत? त्यात ‘नाही’ किती होते?
- आवडता शब्द कोणता, पाच मिनिटांत किती वेळा?
- शेवटच्या पाच मिनिटांत पहिल्या तुकड्यापेक्षा वेग वाढला का? दोन्हींतलं एकेक मिनिट घ्या आणि शब्द मोजून पडताळा.

वावर (पूर्ण तास, आवाज बंद)
- सत्तरपैकी किती टिंबं तिसऱ्या बाकाच्या पलीकडे?
- फळ्याकडे तोंड करून किती वेळा बोललात?

गती (मधली दहा मिनिटं)
- एकूण प्रश्न किती, त्यातले ‘समजलं ना?’ छापाचे किती?
- विचार करायला लावणाऱ्या प्रश्नांनंतर किती सेकंद?
- मुलाच्या उत्तरानंतर किती सेकंद?
- किती प्रश्नांची उत्तरं तुम्हीच दिलीत, आणि किती वेगवेगळ्या मुलांनी?

यातली एकच ओळ निवडा आणि तीन आठवडे तेवढीच सुधारा. सगळं एकदम धरलंत तर वर्गात उभं राहून स्वतःकडेच बघत बसाल आणि मुलं निसटतील. माझं ऐकाल तर ‘विचाराच्या प्रश्नांनंतर किती सेकंद’ ही ओळ घ्या.

पुढचं रेकॉर्डिंग करताना थोडी काळजी घ्या. मोबाइल मागच्या कोपऱ्यात, बसलेल्या मुलांच्या डोक्यापेक्षा जरा वर ठेवा, फळा आणि टेबल दोन्ही चौकटीत यायला हवेत. खिडकी तुमच्या पाठीमागे आली तर तुम्ही नुसती काळी आकृती दिसाल, तेव्हा कोपरा बदला. तीन-चार जीबी जागा मोकळी ठेवा आणि मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मध्येच फोन येऊन रेकॉर्डिंग तुटतं. आधी दोन दिवस मोबाइल तिथे नुसताच ठेवा, रेकॉर्ड न करता, म्हणजे मुलं त्याच्याकडे बघायची थांबतात. आणि साधा, रोजचा तास घ्या, तयारी करून सजवलेला नको.

मुख्याध्यापकांची परवानगी लेखी घ्या आणि पालकसभेत सांगा की हे फक्त तुमच्या शिकवण्यासाठी आहे. मागून घेतलं की मुलांच्या पाठीच दिसतात, तरी आवाज ओळखू येतात. हा व्हिडिओ शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही, कौतुकासाठीसुद्धा नाही. मोजणी वहीत उतरली की काढून टाका. मागून घेतल्याचा एक तोटा आहे: मुलांचे चेहरे दिसत नाहीत, त्यामुळे कुणाला कळलं ते व्हिडिओ सांगत नाही. ते त्या दिवशीच्या वह्या सांगतात. त्या सोबत घेऊन बसा.

त्या बाईंचं दुसरं रेकॉर्डिंग पाच आठवड्यांनी झालं. दहा मिनिटांत प्रश्न २४ वरून ११ वर आले होते, ‘समजलं ना?’ दोनदाच. विचाराच्या प्रश्नांनंतर त्या बहुतेक वेळा तीन सेकंद थांबल्या होत्या. उत्तरानंतर मात्र अजून एकच, ती सवय सुटली नव्हती. आणि सात उदाहरणांऐवजी चारच झाली होती. त्यावरून त्या अस्वस्थ होत्या, भाग मागे पडेल म्हणून. आम्ही उरलेली तीन घरी सोडवायला दिली आणि सकाळी तपासली. ज्या मागच्या दोन रांगांत पूर्वी दोन्ही अपूर्णांक उलटे व्हायचे, तिथे चौदांपैकी अकरा वह्यांत तिन्ही बरोबर होती. उरलेल्या तिघांना त्यांनी मधल्या सुट्टीत फळ्यापाशी बोलावलं.